स्कोअरबुकवरून स्कोअरकार्ड टाइप करताना टोटल जुळत नाही, तेव्हा फरक शोधायचा कुठे

प्रॉब्लेम नेहमीचाच आहे. मॅच संपली, वही हातात आली, बॅट्समनचे रन टाइप केले, एक्स्ट्रा टाकले आणि बेरीज मारली तर १४८. बॉलरच्या बाजूने बेरीज मारली तर १४५. आणि वहीत खाली ठसठशीत गोल करून लिहिलंय १४४, सात विकेट, २० ओव्हर. आता खरं कुठलं?

बहुतेक जण इथे काय करतात तर एक्स्ट्रामधून चार रन गुपचूप काढतात, एखाद्या बॉलरचा एक रन कमी करतात आणि कार्ड पाठवून देतात, सगळं जुळलं म्हणून. हे अजिबात करू नका, कारण तो फरक म्हणजेच तुमच्याकडचा एकमेव पुरावा असतो, चूक कुठे झाली ते तोच सांगतो, आणि तुम्ही पहिल्यांदा तोच पुसून टाकता. शिवाय तो एक रन ज्या बॉलरचा कमी केला तो खरा चुकीचा नसेलच तर एकाचं पाप दुसऱ्याच्या डोक्यावर.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सोपं जातं. स्कोअरबुकमध्ये एकाच इनिंगचा हिशोब तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेला असतो. वर बॅट्समनच्या ओळी आणि त्यांच्या खाली एक्स्ट्राच्या ओळी, हा एक. खाली बॉलरचे चौकोन, ज्यात प्रत्येक ओव्हरचे सहा बॉल टिंबटिंब करून असतात, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे चालू टोटल, ते १, २, ३ असे छापलेले आकडे जे रन झाला की खोडत जायचे, आणि सोबत दर ओव्हरनंतर किती झाले ते लिहायची जागा. स्कोअरर प्रत्येक बॉलला तिन्हीकडे लिहितो, किंवा लिहायला पाहिजे, म्हणून तिन्ही जुळायला पाहिजेत. मांडायचं तर असं, की सगळ्या बॅट्समनचे रन अधिक सगळे एक्स्ट्रा बरोबर टोटल, आणि सगळ्या बॉलरचे रन अधिक बाय अधिक लेग बाय अधिक पेनल्टी बरोबर टोटल. वाइड आणि नो बॉल बॉलरच्या खात्यात आधीच आलेले असतात म्हणून दुसऱ्या ताळ्यात ते परत धरायचे नाहीत, निम्मे लोक पहिल्यांदा इथेच अडकतात.

टाइप करायला बसण्याआधी पाच मिनिटं नुसती वही वाचा. अक्षर कोणाचं आहे आणि मध्येच बदललंय का ते बघा. आपल्याकडे हमखास होतं ते असं, की पहिल्या दहा ओव्हर एकाने लिहिल्या आणि त्याला बॅटिंगला जायचं म्हणून वही दुसऱ्याच्या हातात दिली. पहिला मराठी आकडे लिहिणारा, दुसरा इंग्रजी लिहिणारा, आणि काही महाभाग एकाच आकड्यात दोन्ही मिसळतात. मराठी ४ आणि इंग्रजी 8 घाईत लिहिले की सारखेच दिसतात, मराठी १ आणि इंग्रजी 9 तर विचारूच नका. बॅट्समनच्या ओळीत याचा त्रास कमी होतो कारण एका बॉलला 8 किंवा 9 रन कोणी काढत नाही, पण ओव्हरच्या टोटलला आणि बॉलरच्या आकड्यांना होतो. म्हणून फरक बरोबर ४ आला तर दोन संशयित असतात, एक म्हणजे दोनदा धरलेली किंवा सुटलेली बाउंड्री आणि दुसरा म्हणजे 8 म्हणून वाचलेला ४. फरक ८ आला तर १ आणि 9 ची भानगड आधी बघा. फरक ९ किंवा ९ च्या पटीत आला, म्हणजे १८, २७ वगैरे, तर टाइप करताना आकडे उलटे पडलेत, ३६ चे ६३ झालेत असं समजून शोधा. फरक १० आला तर बहुतेक हातचा विसरलाय.

खुणा पण बघून घ्या. छापील पद्धतीप्रमाणे वाइड म्हणजे अधिकचं चिन्ह, नो बॉल म्हणजे गोल, बाय म्हणजे टोक वर असलेला त्रिकोण आणि लेग बाय म्हणजे टोक खाली असलेला. गोलात ४ लिहिलेला असेल तर नो बॉलवर बॅटने चौका. अधिकच्या कोपऱ्यात टिंबं असतील तर वाइडवर पळून काढलेले जास्तीचे रन. पण गल्लीतले स्कोअरर यातलं निम्मंच पाळतात, कोणी वाइडला नुसतं W लिहितो आणि विकेटलाही W च लिहितो, मग तो W विकेट की वाइड हे ठरवायला पडलेल्या विकेटची ओळ बघावी लागते. कोण काय कसं लिहितो ते एका कागदावर उतरवून बाजूला ठेवा, पुढे दहा वेळा लागेल.

आता ती १४४ वाली वही घेऊ. बॅट्समनचे रन ओळीने असे, ३४, ११, ४१, ६, १९, ०, ८ आणि शेवटचे दोघं नॉट आऊट ५ आणि २. बेरीज १२६. एक्स्ट्राच्या ओळींत वाइड ९, नो बॉल ६, बाय ४, लेग बाय ३, म्हणजे २२. १२६ आणि २२ मिळून १४८. बॉलर पाच, प्रत्येकी चार ओव्हर, आणि दिलेले रन २४, ३१, २०, २९, ३४, म्हणजे १३८. त्यात बाय आणि लेग बायचे ७ घातले की १४५. चालू टोटल १४४.

इथे लोक पहिली चूक काय करतात तर बॅटिंगची बाजू आणि बॉलिंगची बाजू एकमेकांशी ताडून बघतात. १४८ उणे १४५ म्हणजे ३. मग सगळ्या वहीत ३ रनांची चूक शोधत बसतात, कुठे तीन धावून काढले होते का, कुठे वाइडवर दोन पळाले का, आणि काही सापडत नाही कारण तीनची चूक मुळात नाहीच. इथे दोन चुका आहेत, एक चारची आणि एक एकची, आणि दोघींची वजाबाकी होऊन तीन दिसतात. त्यामुळे प्रत्येक बाजू आधी चालू टोटलशी वेगळी वेगळी ताडायची. बॅटिंगची बाजू चारने जास्त, बॉलिंगची बाजू एकने जास्त. आता चित्र स्पष्ट झालं.

सुरुवात बॉलिंगकडून करायची, कायम. कारण बॉलरचे चौकोन ओव्हरप्रमाणे लावलेले असतात आणि चालू टोटलही ओव्हरप्रमाणे लिहिलेली असते, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून कुठल्या ओव्हरला फट पडली ते बोट ठेवून दाखवता येतं. बॅट्समनच्या ओळीत ती सोय नाही, तिथे ४१ रन आहेत पण कुठला चौका कुठल्या ओव्हरचा ते ओळीवरून कळत नाही. तर एक साधा कागद घ्या, वीस ओळी पाडा. प्रत्येक ओळीत ओव्हरचा नंबर, बॉलर, चौकोनातल्या खुणांवरून मोजलेले बॉलरचे रन, चौकोनातलेच बाय लेग बाय, आणि वहीत ओव्हरनंतर लिहिलेली टोटल. महत्त्वाचं म्हणजे चौकोनाखाली स्कोअररने लिहिलेला आकडा उचलायचा नाही, चौकोनातल्या खुणा स्वतः मोजायच्या. आकडा ही स्कोअररने केलेली बेरीज असते आणि खुणा म्हणजे त्याने त्या क्षणी जे बघितलं ते, चुकते ती बेरीज.

ओव्हर मोजत जाताना नवव्या ओव्हरनंतर टोटल ६८ दिसली आणि दहाव्यानंतर ७१. पण दहाव्या ओव्हरच्या चौकोनातल्या खुणांची बेरीज ७ येते. ६८ अधिक ७ म्हणजे ७५, मग ७१ कसे? नीट बघितलं तर तो 8 नाहीच, मराठी ४ आहे, म्हणजे ६४, आणि ६४ अधिक ७ बरोबर ७१. आठव्या ओव्हरनंतरची टोटल आणि नवव्या ओव्हरचे रन यावरूनही ६४ च येतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी पक्कं झालं. ही स्कोअररची चूक नव्हेच, वाचणाऱ्याची आहे, अशा गोष्टीवर वहीत खाडाखोड करू नका. आणि याने शेवटच्या टोटलला काही फरक पडत नाही, कारण पुढची टोटल चालूच राहिलेली असते.

अकराव्या ओव्हरला खरी गोष्ट सापडते. बॉलर नंबर तीन. चौकोनात पाच टिंबं आणि एक टोक खाली असलेला त्रिकोण, त्यात १. म्हणजे लेग बाय. चालू टोटल ७१ वरून ७२ झाली, बरोबर. पण बॉलरच्या चौकोनाखाली आधीच्या ओव्हरनंतर ८ लिहिलेत आणि या ओव्हरनंतर ९. लेग बायचा रन बॉलरच्या खात्यात कसा जाईल? जात नाही. त्या ओव्हरमध्ये बॉलरने दिलेले रन शून्य, त्यामुळे आकडा ८ च राहायला पाहिजे होता, आणि ती एकची चूक पुढे शेवटपर्यंत गडगडत गेली म्हणून १९ चे २० झाले. आता याच्या पोटात अजून एक चूक आहे जी रनांच्या ताळ्यात कधीच दिसणार नाही. बॉलरने एकही रन दिला नाही म्हणजे ती मेडन ओव्हर झाली, बाय लेग बायने मेडन मोडत नाही, वाइड आणि नो बॉलने मोडते. स्कोअररने एक रन धरला म्हणून मेडन दिली नाही. म्हणजे कार्डावर ४-०-२०-१ नव्हे तर ४-१-१९-१ जायला पाहिजे. बिचाऱ्याने ट्वेंटी ट्वेंटीत मेडन टाकली आणि वहीने ती खाल्ली.

बॉलिंग आता १३७, त्यात ७ मिळवून १४४, चालू टोटलशी जुळलं, आणि वीसच्या वीस ओव्हर पायरीपायरीने जुळल्या. तीनपैकी दोन हिशोब ओव्हर ओव्हर करून जुळले की तिसऱ्यातच गडबड आहे असं बिनधास्त धरायला हरकत नाही. आता बॅटिंगचे चार जास्त कुठून आले?

इथे बॅट्समनच्या ओळी परत मोजायच्या आधी एक्स्ट्रा बघा, कारण वाइड आणि नो बॉल बॉलरच्या चौकोनातही असतात आणि ते मोजायला दोन मिनिटं लागतात. चौकोनांत अधिकची चिन्हं आणि त्यांची टिंबं मिळून ९, एक्स्ट्राच्या ओळीतही ९, ठीक. चौकोनांत गोल दोनच आहेत. एक्स्ट्राच्या ओळीत मात्र १ आणि ५. सोळाव्या ओव्हरच्या चौकोनात गोलात ४ आहे, त्या ओव्हरला टोटल १०६ वरून ११६ झाली, खुणांनीही दहाच येतात, एक, नो बॉलचे पाच, टिंब, दोन, एक, टिंब, एक. आणि पाचव्या बॅट्समनच्या ओळीतही गोलातला ४ आहे. म्हणजे चौका बॅट्समनला दिला तो बरोबर, पण एक्स्ट्रामध्ये पण सगळे पाच टाकले. नो बॉलवर बॅटने मारलेले रन बॅट्समनचे, एक्स्ट्रामध्ये फक्त एक. बॉलरच्या खात्यात मात्र पाचही जातात, आणि गोंधळ नेमका यातूनच होतो, स्कोअररच्या डोक्यात पाच हा आकडा असतो आणि तो तिन्हीकडे पाचच लिहितो. तर नो बॉल ६ नाहीत, २ आहेत. एक्स्ट्रा १८, बॅट्समन १२६, टोटल १४४. मिटलं.

आता लक्षात घ्या, सुरुवातीला एक्स्ट्रामधून कुठलेही चार काढले असते तरी बेरीज जुळलीच असती. फक्त ते चार बायमधून काढले असते तर बॉलिंगचा ताळा फिसकटला असता, कारण बायचा आकडा दोन्ही ताळ्यांत येतो. मग कोणीतरी बॉलरचेही वाढवले असते. असंच होत जातं.

रन जुळले म्हणून खूश होऊन उठू नका, बॉल अजून राहिलेत. बॉलचा ताळा लोक करतच नाहीत आणि मग स्ट्राइक रेट चुकीचे छापले जातात. हिशोब असा की बॅट्समनने खेळलेले सगळे बॉल बरोबर टाकलेले कायदेशीर बॉल अधिक नो बॉल. नो बॉल बॅट्समनने खेळलेला धरतात, वाइड धरत नाहीत. या वहीत १२० अधिक २ म्हणजे १२२ यायला पाहिजेत. ओळी मोजल्यावर येतात १२१. एक बॉल कुठे गेला?

एक बॉल कमी असला की पहिल्यांदा रनआऊट बघायचा, दहात आठ वेळा तिथेच सापडतो. अठराव्या ओव्हरमध्ये सहावा बॅट्समन नॉन स्ट्रायकर असताना रनआऊट झाला, रन एकही पूर्ण झाला नाही. गलका झाला, स्कोअररने विकेट लिहिली, पडलेल्या विकेटच्या ओळीत टोटल लिहिली, बॉलरच्या चौकोनात टिंब दिलं, पण तो बॉल खेळला होता सातव्या बॅट्समनने आणि त्याच्या ओळीत टिंब द्यायचं राहून गेलं. त्याचे ८ रन ६ बॉलमध्ये दिसत होते, खरे ७ बॉलमध्ये आहेत. उलटं, म्हणजे बॉल जास्त आले, तर वाइडचं टिंब कोणीतरी बॅट्समनच्या ओळीतही दिलंय का ते बघा. आणि एखाद्या ओव्हरमध्ये खरंच पाच किंवा सात बॉल पडले असतील, अंपायर मोजायला चुकला असेल, तर ते तसंच ठेवायचं, अंपायरने मोजली ती ओव्हर पूर्ण. कार्डावर २० ओव्हरच लिहायच्या, फक्त त्या बॉलरच्या इकॉनॉमीसाठीही त्या ओव्हरचे सहाच धरायचे आणि खाली एक ओळ टीप द्यायची, म्हणजे बॉलचा ताळा का जुळत नाही ते पुढच्याला कळेल.

विकेटचा ताळा पटकन होतो. बॉलरच्या विकेट १, २, १, २ आणि ०, म्हणजे ६, अधिक एक रनआऊट, ७. पडलेल्या विकेटच्या ओळीतही सात. इथे जुळलं नाही तर रनआऊट बॉलरला दिलाय, दुसरं काही नसतं शक्यतो. आणि रिटायर्ड हर्ट झालेला माणूस विकेटमध्ये मोजू नका.

आता एक्सेल. वही बरोबर असते आणि एक्सेलच घात करतं असं बऱ्याचदा होतं, त्यातले तीन घात सांगतो. पहिला, नॉट आऊट बॅट्समनच्या रनांपुढे तुम्ही त्याच खान्यात चांदणी टाकता, आणि एक्सेलसाठी ५ आणि चांदणी हा आकडा राहत नाही, अक्षरं होतात, मग बेरजेत तो धरतच नाही, काही एरर पण दाखवत नाही. म्हणून फरक बरोबर नॉट आऊट दोघांच्या रनांइतका आला, आपल्या केसमध्ये ७, तर वही उघडायचीच नाही, चांदणी काढून आऊट कसा झाला त्या खान्यात नॉट आऊट लिहायचं. दुसरा, बॉलिंगचे आकडे 4-1 असे एका खान्यात टाकले की ते तारीख करून टाकतं. ओव्हर, मेडन, रन, विकेट वेगवेगळ्या खान्यांत ठेवा, भानगडच नको. आणि आकडे सगळे इंग्रजी अंकांतच टाइप करा, कार्ड मराठीत पाहिजे असेल तर शेवटी बदला.

तिसरा घात सगळ्यात जास्त फसवतो. ३.४ ओव्हर म्हणजे साडेतीनच्या आसपास नाही, तीन ओव्हर आणि चार बॉल, म्हणजे २२ बॉल. दोन बॉलरनी प्रत्येकी ३.४ टाकल्या तर एक्सेल म्हणेल ६.८, आणि सहा ओव्हर आठ बॉल असं काही जगात नसतं, ते ४४ बॉल म्हणजे ७.२ ओव्हर. इकॉनॉमीचंही तेच, ३.४ ओव्हरमध्ये २२ रन म्हणजे बॉलमागे एक, इकॉनॉमी ६, पण २२ भागिले ३.४ केलंत तर ६.४७ येईल आणि बॉलर तुमच्याशी भांडेल. म्हणून आधी बॉल करायचे, बेरीज बॉलची करायची, आणि शेवटी परत ओव्हर करायच्या. F खान्यात ओव्हर आणि G मध्ये बॉल धरले तर

```
=INT(F2)*6+ROUND(MOD(F2,1)*10,0)
=INT(G10/6)&"."&MOD(G10,6)
```

पहिला फॉर्म्युला ओव्हरचे बॉल करतो, दुसरा G10 मधली बॉलची बेरीज परत ओव्हरमध्ये लिहितो. तो ROUND काढू नका, दशांशात एक्सेल ०.४ चं ०.३९९९ असं काहीतरी मनात धरतं.

रनांच्या ताळ्यासाठी B2 ते B12 मध्ये अकरा बॅट्समन, B14 पासून वाइड, नो बॉल, बाय, लेग बाय, पेनल्टी याच क्रमाने, H खान्यात बॉलरचे रन, आणि B20 मध्ये वहीतली चालू टोटल हाताने टाकलेली.

```
=SUM(B2:B12)+SUM(B14:B18)-B20
=SUM(H2:H9)+B16+B17+B18-B20
```

दोन्हीचं उत्तर शून्य यायला पाहिजे. B20 मध्ये फॉर्म्युला टाकायचा मोह आवरा, तिथे बेरीज लावली की ताळा कायम शून्यच येणार, स्वतःच स्वतःला पास करणारा.

आता हेही माहीत असू द्या की काही चुका या ताळ्यात सापडतच नाहीत, कारण त्या तिन्हीकडे सारख्याच लिहिलेल्या असतात. सगळ्यात कॉमन म्हणजे वाइड बॉल कीपरच्या हातून सुटला आणि दोन पळाले, की स्कोअरर एक वाइड आणि दोन बाय लिहितो. नियमाप्रमाणे तीनही वाइड आणि तीनही बॉलरच्या खात्यात. पण त्याने बॉलरला एक आणि बायमध्ये दोन लिहिले तर दोन्ही बाजू मस्त जुळतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. हे पकडायचं तर बॉलरच्या चौकोनात अधिकचं चिन्ह आणि बायचा त्रिकोण एकाच बॉलला दिसतोय का ते शोधायचं, दिसला तर तो वाइडच, कारण वाइडला बाय असा प्रकारच नाही.

दुसरी न सापडणारी चूक म्हणजे एकाचे रन दुसऱ्याच्या ओळीत. दोघं जण सारख्याच टोप्या घालून खेळत असतात, स्कोअरर झाडाखाली, नाव विचारायला गेला तोपर्यंत पुढचा बॉल पडला. बेरीज शंभर टक्के बरोबर आणि ४१ वाला खरं तर ३७ वाला. यावर एकच उपाय, ओव्हर बॉलनुसार परत खेळून बघायची. स्ट्राइकवर कोण ते लिहायचं, एक किंवा तीन झाले की बाजू बदलली, ओव्हर संपली की परत बदलली, आणि असं करत जाऊन प्रत्येक बॉल कोणाच्या ओळीत जायला पाहिजे ते बघायचं. वीस ओव्हरला तासभर जातो. कोणी पन्नास किंवा शंभरच्या काठावर असेल, किंवा खेळाडूने स्वतः येऊन तक्रार केली असेल तरच करा, दर रविवारी करायची गोष्ट नाही ही. आणि वही नीट नसेल तर यातूनही काही सिद्ध होत नाही.

जुन्या वह्या टाइप करत असाल, क्लबच्या कपाटातल्या वगैरे, तर आजचे नियम डोळे झाकून लावू नका. ऑक्टोबर २०१७ च्या आधी नो बॉलवर बॅटला न लागता काढलेले रन सगळे नो बॉलमध्येच धरायचे आणि बॉलरच्या खात्यात टाकायचे, त्यानंतर नियम बदलला आणि आता नो बॉलचा एक रन वेगळा, बाकीचे बाय किंवा लेग बाय. त्यामुळे २०१५ च्या वहीत नो बॉलच्या एका गोलावर पाच एक्स्ट्रा दिसले आणि बॅट्समनच्या ओळीत काही नसलं तर ते बरोबर आहे, आपल्या वरच्या केससारखं समजून चार कापू नका. अजून मागे गेलात, १९८० च्या आधीच्या वह्या, तर वाइड आणि नो बॉल बॉलरच्या आकड्यांत धरलेलेच नसतात. ओळखायचं कसं तर अशा वहीत बॉलरच्या रनांची बेरीज बॅट्समनच्या रनांच्या बेरजेइतकीच येते, अगदी बरोबर. तसं आलं तर दुसऱ्या फॉर्म्युल्यात B14 आणि B15 पण मिळवा, आणि बॉलरचे आकडे वहीत आहेत तसेच ठेवा, आजच्या पद्धतीने वाढवू नका.

शेवटी जिथे काहीच जुळत नाही तिथे काय करायचं, कारण अशी वही येतेच. पाऊस आला, दोन ओव्हर कोणी लिहिल्याच नाहीत, किंवा चहाचा कप सांडला. तर जी टोटल मैदानावर अंपायर आणि दोन्ही स्कोअररनी मान्य केली ती तशीच ठेवायची. मॅच संपल्यावर अंपायरनी स्कोअररशी बोलून स्कोअर पक्का केला की निकाल नंतर बदलत नाही, टाइप करणाऱ्याच्या हातात तर तो अधिकार अजिबात नाही, मग तुमच्या हिशोबाने हरलेली टीम दोन रनांनी जिंकत का असेना. दुसऱ्या टीमची वही मिळत असेल तर आधी ती मागवा, दोन वह्यांत त्याच ओव्हरला दोघंही चुकले असं सहसा होत नाही. नसेल मिळत तर ओव्हरनुसार ताडताना फट जिथे पडली ती ओव्हर शोधा आणि कार्डाखाली सरळ लिहा, की चौदाव्या ओव्हरमध्ये चालू टोटलमध्ये दोन रन जास्त आहेत, बॉलरच्या चौकोनात ते दिसत नाहीत, बॅट्समनचे आणि बॉलरचे आकडे वहीप्रमाणे ठेवले आहेत. बेरीज न जुळणारं कार्ड बघायला विचित्र दिसतं आणि सेक्रेटरी फोन करून विचारतोच. त्याला त्या ओव्हरच्या पानाचा फोटो पाठवा.